मागच्या रांगेचे ध्रुपद

तुकारामांची गाथा कधी पुस्तकात उघडून पाहिली असेल, तर एक बारीकशी खूण दिसली असेल. अभंगाच्या पहिल्या कडव्यापुढे १ हा आकडा असतो. दुसऱ्या कडव्यापुढे २ यायला हवा, पण तिथे छापलेले असते ॥ध्रु॥. दोनचा आकडा त्याच्या पुढच्या कडव्याला मिळतो. म्हणजे दुसरे कडवे मोजणीतच नाही. ते सगळ्यांचे आहे, पुन्हा पुन्हा यायचे आहे, म्हणून त्याला क्रमांक नाही.

ध्रु म्हणजे ध्रुवपद, बोलीत ध्रुपद. आकाशातल्या ध्रुवासारखे न हलणारे पद. बाकीची कडवी पुढे सरकतात, हे जागचे हलत नाही. शाळेच्या पुस्तकांत ‘धृ’ असे छापण्याची पद्धत पडली आहे, पण शब्द ध्रुव आहे हे लक्षात ठेवले की अर्थ आपोआप समजतो.

आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी दयेवर अभंग लिहायचा होता, तेव्हा या खुणेपाशी मी बराच काळ थांबलो. अमरावती जिल्ह्यातले गाव, पहिली ते पाचवीची शाळा, परिपाठाला साधारण नव्वद मुले. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा हा क्रम महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही झोपेतसुद्धा सांगता येईल. मॅडमचे म्हणणे असे होते की पहिलीची मुले यातल्या बहुतेक गोष्टींना फक्त ओठ हलवतात. पसायदानाचे तर फारच. त्यांना असे काही हवे होते जे पहिलीच्या मुलाला आठवड्यात यावे आणि पाचवीच्या मुलीला कंटाळवाणे होऊ नये.

पसायदान मुलांना जड का जाते, याचे उत्तर छंदात आहे. पसायदान म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा. पण चरणात किती अक्षरे, याचा पक्का हिशोब नसतो. कुठे कमी, कुठे जास्त. जाणता गायक ते सहज सांभाळतो. शिवाय ध्रुपद नाही. नऊच्या नऊ ओव्या नव्याने पाठ कराव्या लागतात, आणि एक विसरली की पुढची सापडत नाही.

अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा, चार. चार चरण, एकूण बावीस अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक. लहान अभंगात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही, अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. ‘छंदोरचना’ लिहिणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी या जातीच्या रचनांना ‘छंद’ म्हटले आणि त्यांत प्रत्येक अक्षर लांबवून, गुरूसारखे उच्चारले जाते हे दाखवले. हेच मुलांच्या कामाचे आहे. एक अक्षर, एक ठोका. ज्याला मोजता येते त्याला म्हणता येते.

पण मी ज्यासाठी थांबलो होतो ती गोष्ट मापाची नव्हती. तुकारामांनी स्वतःविषयी सांगणारा एक अभंग लिहिला आहे. धंदा बुडाला, दुष्काळ पडला, बायको अन्नावाचून गेली, हे सगळे त्यात आहे. त्याच अभंगात ते सांगतात की सुरुवातीला कीर्तनाला उभे राहायचे तर अभ्यास नव्हता. म्हणून संतांची काही वचने पाठ केली, आणि पुढे जे गात असत त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. मराठीतला सगळ्यांत मोठा अभंगकार, आणि त्याची सुरुवात मागच्या रांगेत, दुसऱ्याची ओळ उचलण्यापासून झाली.

कीर्तनात ही जागा अजून आहे. बुवा पुढे, मागे टाळकरी. बुवा निरूपणात कुठेही गेले तरी ध्रुपद आले की टाळकऱ्यांनी ते एकदम उचलायचे. बुवांना दम घ्यायला तेवढीच उसंत मिळते, आणि नवख्या पोराला मोठ्यांच्या आवाजात आपला कच्चा आवाज मिसळता येतो. चुकला तर कळत नाही, आणि महिन्याभराने तो चुकतही नाही. परिपाठाची रांग हुबेहूब अशीच असते. पुढे माईकपाशी पाचवीच्या चार मुली, मागे सगळी शाळा. तेव्हा अभंग लिहायचा तो मागच्या रांगेसाठी, आणि कडव्यांच्या आधी ध्रुपद ठरवायचे, एवढे नक्की झाले.

यानंतरचा प्रश्न अवघड होता. सरकारी शाळेत अभंग म्हणावा का? अभंग म्हटला की विठ्ठल आलाच. रांगेत सगळ्या घरांची मुले असतात. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते, आणि मला ते पटले होते. सकाळी नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या घरात नसलेल्या देवाचे नाव घ्यायला लावायचे आणि विषय मात्र दया, हे जमणारे नव्हते.

पण हा प्रश्न आमच्याआधी दीडशे वर्षे पडलेला आहे. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज सुरू झाला. मूर्ती नको, पण प्रार्थना हवी, आणि ती मराठीत हवी, तर म्हणायचे काय? रानडे आणि भांडारकरांनी उत्तर शोधले ते तुकारामांत. देवळातला अभंग सभागृहातल्या उपासनेत आला. त्याच सुमारास मुंबई सरकारने तुकारामांची गाथा छापायला २४ हजार रुपये दिले, आणि त्यामागे शिक्षण खात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांचा पुढाकार होता. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेली ती गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. साडेचार हजारांहून जास्त अभंग, शिक्षण खात्याच्या हातभाराने. सुरुवातीला सांगितलेली ती ॥ध्रु॥ची खूण आपल्या डोळ्यांत बसली ती याच परंपरेतून.

माझ्या मते प्रार्थना समाजाने अभंगाला नवी खोली दिली, पण घर तेच ठेवले. घर बदलले जोतीराव फुल्यांनी. मुलींची शाळा काढणाऱ्या या माणसाने अभंगाचे माप घेतले, ध्रुपद घेतले, शेवटच्या कडव्यात आपले नाव घालायची रीतही घेतली, आणि विठ्ठल काढून तिथे ‘निर्मिक’ ठेवला. शेवटी ‘जोती म्हणे’. या रचनांना ते अखंड म्हणत. अभंग म्हणजे न भंगणारा, अखंड म्हणजे न खंडलेला. शब्दाचा अर्थ तोच, पण नाव बदलल्याने ऐकणाऱ्याला कळते की आता बोलणारा वेगळा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे अखंड आहेत आणि माणसाने माणसाशी कसे वागावे हाच त्यांचा विषय आहे. म्हणजे देवाचे नाव न घेता, आचरणावर, ध्रुपदासह अभंग लिहायची वाट मोकळी होती. आम्हाला ती नव्याने पाडायची नव्हती.

आमच्या गावाला आणखी एक जवळची सोय होती. तुकडोजी महाराजांचे मोझरीचे गुरुकुंज आमच्याच जिल्ह्यात. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरचे भजन मुलांच्या कानावरून गेलेले असते. पुढच्याने म्हणायचे, मागच्याने उचलायचे, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

आता दया. या शब्दाची मला थोडी धास्ती होती. शाळेत दया म्हणजे चिमणीला पाणी ठेवणे आणि भिकाऱ्याला भाकरी देणे, असे चित्र भिंतीवर रंगवलेले असते. त्यात दया करणारा नेहमी वर आणि घेणारा खाली. तुकारामांच्या गाथेत दया अशी नाही. एका अभंगात त्यांनी दयेची सरळ व्याख्या केली आहे आणि तिचे दोन भाग सांगितले आहेत: जिवांचा सांभाळ, आणि त्याबरोबर त्यांना टोचणाऱ्या काट्यांचा बंदोबस्त. दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात की पोटच्या मुलाला जी माया लावतो तीच घरच्या नोकराचाकराला लावावी. म्हणजे दयेची परीक्षा दाराशी आलेल्या परक्यापाशी होत नाही, घरात राबणाऱ्या माणसापाशी होते.

शाळेत या दोन्ही गोष्टींना जागा आहे. तिथे टोचणारे असतात आणि टोचले जाणारेही असतात. त्या शाळेत दुसरीतल्या एका मुलाशी महिनाभर कोणी बोलत नव्हते. मारत नव्हते, फक्त बोलत नव्हते. मॅडमना अभंग हवा होता तो या मुलापायी, हे मला नंतर कळले. त्यामुळे ध्रुपदात चिमण्या येणार नव्हत्या. पहिला खर्डा असा होता:

दया म्हणजे गा । सोबत करणे ।
एकटे सोडणे । नाही कोणा ॥ध्रु॥

बोटांवर मोजून पाहा. द, या, म्ह, ण, जे, गा, सहा. सो, ब, त, क, र, णे, सहा. ए, क, टे, सो, ड, णे, सहा. ना, ही, को, णा, चार. ‘गा’ हे अभंगातले जुने संबोधन, पुस्तकी वाटेल अशी मला शंका होती. पण वऱ्हाडात ते जुने नाहीच. ‘काय गा’ रोज कानावर पडते. अडचण दुसरीच निघाली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, “गा तर पोरायले म्हनतेत. आमाले वं म्हना लागते.” बरोबर होते तिचे. वऱ्हाडीत गा पुरुषाला, वं बाईला. अर्धी शाळा रोज सकाळी ध्रुपदाबाहेर राहिली असती, तेही कोणाला एकटे सोडू नये या ओळीत. मग ‘गा’ काढून ‘च’ घातला. ‘दया म्हणजेच’, अक्षरे पुन्हा सहा.

कडवी चार झाली. पहिले:

हात दिला त्याने । उठले लेकरू ।
कशाला विचारू । नाव त्याचे ॥१॥

शेवटच्या चरणात मी आधी ‘जात त्याची’ लिहिले होते. मापात तेही बसते, आणि ओळ जास्त धारदार होते. फुल्यांनी तेच लिहिले असते असे मला वाटते. पण शिक्षकांत यावर तासभर चर्चा झाली. एक सर म्हणाले, सहा वर्षांच्या मुलाला हा शब्द रोज सकाळी म्हणायला लावला तर तो घरी जाऊन विचारणार, माझी कोणती. दुसरे म्हणाले, तो आज ना उद्या विचारणारच आहे. शेवटी ‘नाव’ राहिले. नावावरून बाकीचे ओळखायची आपली सवय ज्याला माहीत आहे त्याला ओळ पोचते, आणि ज्याला माहीत नाही त्याला ती माहीत करून देत नाही. यात नुकसान आहेच. मोठ्यांसाठी लिहिताना मी ‘जात’ ठेवीन.

उगारल्या हाता । आधी अडवावे ।
मग सांभाळावे । रडणारे ॥२॥

हे कडवे तुकारामांच्या त्या व्याख्येचे ऋण आहे. काटा आधी, फुंकर नंतर.

पंगतीत मागे । राहिले जे कोणी ।
त्यांना आधी पाणी । आधी घास ॥३॥

मुले डबा आणत नाहीत, दुपारी शाळेतच खिचडी असते. पंगतीत टोकाला कोण बसते आणि तिथे पोचेपर्यंत पातेल्यात काय उरते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

राहिले शेवटचे, नावाचे कडवे. इथे संत आपले नाव घालतात. तिला नाममुद्रा म्हणतात. शाळेच्या अभंगात माझे नाव घालायचे कारण नव्हते. म्हणणारी शाळा, तर नाव शाळेचे:

शाळा म्हणे आम्हा । एवढेही यावे ।
दुखणे कळावे । दुसऱ्याचे ॥४॥

इथे आधी ‘एवढेच यावे’ होते. गणिताचे सर म्हणाले, एवढेच आले तर माझे काय? ‘ही’ने दोघांचे भागले.

चालीत फार कलाकुसर नव्हती. आठ मात्रांचा केरवा. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांत बसवायचा, शेवटचे अक्षर दोन मात्रा जास्त धरून. चार अक्षरांचा चरणही आठातच, पण त्यात चार मात्रा रिकाम्या उरतात. ही रिकामी जागा फुकट जात नाही. पुढच्या मुली तिथे श्वास घेतात आणि मागच्यांना कळते की आता आपण. एक कडवे बत्तीस मात्रांचे. चार कडवी आणि प्रत्येकामागे ध्रुपद, म्हणजे आठ वेळा बत्तीस, दोनशे छप्पन्न मात्रा. मिनिटाला सव्वाशे मात्रांची बेताची लय धरली तर दोन मिनिटांत सगळे होते. पहिलीच्या मुलाने पाठ करायची अक्षरे फक्त बावीस, आणि ती तो रोज चार वेळा म्हणतो.

पहिल्या आठवड्यात बिघडले ते वेगळ्याच ठिकाणी. मागे उभे राहून ऐकले तर दुसऱ्या चरणावर आवाज फाटायचा. पुढच्या मुली चरण संपवून थांबलेल्या, पहिली-दुसरी अजून मध्येच, आणि पाचवीची मुले सगळ्यांच्या आधी मोकळी. कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण ‘सोबत’ लिहितो तीन अक्षरांचा, पण बोलताना शेवटचा ‘त’ पाय मोडल्यासारखा म्हणतो. ‘करणे’ तोंडातून ‘कर्णे’ असाच निघतो. ज्यांना वाचता येत होते ते बोलल्यासारखे म्हणत, म्हणून सहा अक्षरांची चार व्हायची. ज्यांना वाचता येत नव्हते ते ऐकून म्हणत, म्हणून पूर्ण सहा. म्हणजे गडबड करत होती ती मोठी मुले. उपाय सोपा निघाला: दर अक्षराला एक टाळी. सो-ब-त-क-र-णे, सहा टाळ्या. तीन दिवसांत आवाज जुळला.

अक्षर वाढले तर मात्र टाळी उपयोगी पडत नाही. दयेची व्याख्या सांगणाऱ्या तुकारामांच्या त्या अभंगातही एका चरणात सहाऐवजी सात अक्षरे आहेत. एकटा गाणारा ते सातवे अक्षर सहज चोरून घेतो. नव्वद मुलांना ते चोरता येत नाही. कोणी आधी चोरतो, कोणी नंतर, आणि तेवढ्या जागी नुसता गलका ऐकू येतो. एकट्याच्या अभंगाला चालते ते समूहाच्या ध्रुपदाला चालत नाही. उच्चाराच्या बाबतीत मात्र हा छंद फार उदार आहे. मुले ‘सांभायावे’ म्हणतात, ‘कयावे’ म्हणतात. ळ चा य झाला तरी अक्षर एकच राहते आणि ठोका चुकत नाही. मॅडमनी ते सुधारायला लावले नाही, हे मला आवडले.

दुसरीतला तो मुलगा आता बोलतो का, हे अभंगाच्या खात्यावर मांडायला मी तयार नाही. शिक्षकांनी त्याची जागा बदलली, त्याच्या आईशी बोलले, पाचवीतल्या दोघांना त्याच्याबरोबर जेवायला बसवले. अभंगाने केले ते इतकेच की माईकवर कडवे म्हणायची पाळी फिरती ठेवल्यामुळे एका सोमवारी ती त्याच्यावर आली. त्याचे कडवे मध्येच तुटले. ध्रुपद यायची जागा नव्हती, तरी मागच्या रांगेने ते उचलले.

आता पाचवीच्या मुलांना आपले एक कडवे घालायचे आहे. शाळेच्या आवारात एक कुत्रे राहते, त्याच्यावर. पहिला चरण त्यांनी करून आणला आहे, ‘शाळेतल्या कुत्र्याला’. अक्षरे सात. ‘शाळेतल्या’ काढा असे सुचवले, तर तयार नाहीत. कुत्रे गावातले नाही, शाळेतलेच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.